शोकलेखन (आई-वडिलांविषयीचे)

आई किंवा वडील गेल्यानंतर अपत्याने लिहिलेला लेख, आठवण किंवा घरगुती स्मरणिकेतला मजकूर. या नोंदीत त्याच्या एकाच अंगाचा विचार केला आहे : दुःखाचे नाव न घेता ते वाचकापर्यंत कसे पोचवायचे, आणि ते कुठे फसते. उदाहरणे इंदूरच्या मराठी घरांतली आहेत. या घरांत मृत्यू दोन भाषांत आणि दोन दिनदर्शिकांत नोंदला जातो, त्यामुळे तिथल्या लेखकापुढे काही अडचणी जास्तीच्या असतात, आणि काही सोयीही.

दुःखाला नाव दिले की ते पातळ होते, हे निरीक्षण आपल्याकडे जुने आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त रसाचे दोष सांगताना पहिलाच दोष दिला तो शब्दवाच्यतेचा, म्हणजे रस किंवा त्याच्या मुळाशी असलेला स्थायीभाव त्याच्याच नावाने सांगण्याचा. ‘मला फार शोक झाला’ या वाक्यातून शोकाची बातमी कळते, शोक कळत नाही. तो कळतो विभावांतून आणि अनुभावांतून, म्हणजे ज्या परिस्थितीमुळे तो झाला आणि ज्या हालचालींतून तो दिसला त्यांतून. त्याच यादीत ‘दीप्तिः पुनः पुनः’ हा आणखी एक दोष आहे : एकच भाव पुन्हापुन्हा पेटवत राहणे. त्याचे उदाहरण म्हणून मम्मटाने थेट कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तला, मदन भस्म झाल्यावरचा रतिविलाप दिला आहे. कालिदासाच्या बाबतीत हे ऐकून घेता येईल की नाही हा वेगळा वाद. पण वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेतल्या चार पानी लेखात तीन वेळा डोळे भरून आले असतील, तर तो दोष निःसंशय आहे. दुसऱ्या वेळी वाचक थांबतो, तिसऱ्या वेळी पान उलटतो.

शोकलेखनात भाषा बिघडते ती बहुधा उसनवारीमुळे. इंदुरात माणूस गेला की दुसऱ्या दिवशीच्या हिंदी वर्तमानपत्रात शवयात्रेची, मग उठावन्याची, म्हणजे सांत्वनासाठी जमण्याची, सूचना येते. ‘अत्यंत दुःख के साथ’, ‘पूज्य पिताजी’, ‘स्वर्गवास’ हे शब्द त्या चौकटीत शोभतात, कारण तिथे काम असते ते वेळ आणि जागा कळवण्याचे. तीच चौकट मराठीत उतरवून लेखाची सुरुवात केली की ‘तीर्थरूप बाबांची प्राणज्योत मालवली’, ‘काळाने घाला घातला’, ‘आम्ही पोरके झालो’ अशी वाक्ये आपोआप येऊ लागतात. यांतले एकही वाक्य खोटे नसते. पण ते कुठल्याही बाबांना लागू पडते, आणि अडचण तिथेच आहे.

घरात बोलताना कुणी ‘प्राणज्योत’ म्हणत नाही. ‘बाबा गेले’, ‘आई गेली’ असेच म्हणतात. वडिलांना आदरार्थी बहुवचन आणि आईला एकवचन हा बहुतेक मराठी घरांतला भेद लेखातही तसाच ठेवावा. आयुष्यभर जिला ‘अगं आई’ म्हटले ती लेखात ‘मातोश्री निवर्तल्या’ झाली, तर पहिल्या ओळीतच एक परकी बाई घरात येते. ज्या घरात आईलाही अहोजाहो असेल तिथे अर्थातच ‘आई गेल्या’ हेच खरे. हिंदीचेही तसेच. अतिदक्षता विभागाच्या दारात ‘पेशंट के साथ कौन है?’ असे विचारले गेले असेल, तर ते हिंदीतच राहू द्यावे. मराठी केले की त्या प्रसंगातला परकेपणा निघून जातो, आणि तो इंदूरच्या मराठी माणसाच्या अनुभवाचाच भाग असतो.

लेखनाचे काम दोन टप्प्यांत केलेले बरे. पहिल्या तेरा दिवसांत फक्त टिपणे काढावीत : वेळ, कोण काय म्हणाले ते त्याच शब्दांत, काय आणले, किती आणले, कुणी केले. तेव्हा विशेषण लिहायचे नाही. या दिवसांत हाताशी येणारे कागद फार उपयोगी पडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असल्याने अर्ज, रुग्णालयाचा कागद, आधारची प्रत हे सगळे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत जमलेले असते. ओंकारेश्वरला अस्थी घेऊन जायच्या गाडीचे भाडे, दशक्रियेला गुरुजींनी दिलेली सामानाची यादी, कुणाच्या डब्यातून पिठले-भात आला ते, हे सारे महिन्याभरात विसरले जाते किंवा आठवणीत गोड होऊन बसते. दुसरा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष लेख. तो काही महिन्यांनी लिहावा, टिपणे समोर ठेवून. तेराव्याच्या गोडाच्या जेवणानंतर त्याच रात्री लिहिलेला लेख सहसा वाचकासाठी नसतो. तो लिहावा, पण छापू नये.

वस्तू निवडतानाही सापळा आहे. चष्मा, काठी, चपला, रिकामी आरामखुर्ची या वस्तू इतक्या लेखांत येऊन गेल्या आहेत की आता त्या स्वतःच गळा काढतात. साधी परीक्षा अशी : ही वस्तू शेजारच्या घरात उचलून ठेवली तर काही फरक पडेल का? पडत नसेल तर ती सोडून द्यावी, किंवा तिच्याशी जोडलेली त्या माणसाची विशिष्ट सवय शोधावी. सवयीला नियम असतो, आणि नियम मोडला की वाचकाला न सांगता कळते.

खाली एक रचलेले उदाहरण दिले आहे. पहिला खर्डा असा :

‘बाबा आम्हाला पोरकं करून गेले. भिंतीवरची ती दिनदर्शिका आजही त्यांच्या मायेच्या हाताची वाट पाहते आहे. तिच्यातला प्रत्येक रिकामा चौकोन काळजाला घरं पाडतो.’

यात दिनदर्शिका वाट पाहते, चौकोन घरे पाडतो. सगळी कामे वस्तू करतात आणि माणसे नुसती बसून आहेत. बाबा त्या दिनदर्शिकेचे नेमके काय करायचे हेच कळत नाही. ते विचारून, मार्च-एप्रिलची पाने प्रत्यक्ष काढून पाहिल्यावर दुसरा खर्डा असा झाला :

‘दुधाचा हिशेब बाबा कालनिर्णयच्या चौकोनात ठेवायचे. रोजचं दीड लिटर घेतलं तर काही लिहायचं नाही, कमी-जास्त झालं तरच आकडा. मार्चमध्ये त्यांच्या अक्षरात एकच आकडा आहे, सात तारखेला १. दहाला पहाटे ते गेले. दहाचा चौकोन कोरा आहे, म्हणजे त्या दिवशी दीड लिटर घेतलं असेल, नाहीतर लिहायला कुणी नसेल. अकरा ते बावीस रोज ४, अक्षर वहिनीचं. तेवीसला दूधवाल्याने विचारलं, “अब कितना?” आई म्हणाली, “डेढ़ ही दे दो.” संध्याकाळी अर्धा लिटर उरलं, त्याचं विरजण लावलं. चोवीसपासून एकतीसपर्यंत रोज १, अक्षर आईचं. एप्रिलच्या पानावर एकही आकडा नाही.’

या परिच्छेदाचे सगळे वजन दुसऱ्या वाक्यातल्या नियमावर आहे. आकडा फक्त बदल झाला तरच लिहायचा, हे वाचकाला आधी कळले म्हणून शेवटचे कोरे पान वाचता येते : एक लिटर हेच आता रोजचे माप झाले. नियम शेवटी सांगितला असता तर तो खुलासा वाटला असता, आणि खुलासा म्हणजे पुन्हा शब्दवाच्यताच. दहा तारखेबद्दलची शंका मुद्दाम ठेवली आहे. लेखकाला जे माहीत नाही ते त्याने भरून काढले नाही, म्हणून बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. क्रियापदांकडेही पाहावे. ‘ठेवायचे’ हे रीतीचे रूप एकदाच आले, त्यानंतर सगळे घडून गेलेले. ‘बाबा असे करायचे, बाबा तसे म्हणायचे’ अशी ‘-यचे’ची रांग लागली की माणूस धुक्यात जातो, सवय एकदा सांगावी आणि लगेच एका तारखेवर यावे.

असा परिच्छेद बहुतेक वेळा बिघडतो तो एका जास्तीच्या वाक्याने. एप्रिलच्या पानानंतर ‘आमच्या आयुष्याचं पान मात्र कायमचं कोरं राहिलं’ असे लिहायचा मोह होतो. खर्डा पुरा झाला की प्रत्येक परिच्छेदाचे शेवटचे वाक्य बोटाने झाकून वाचावे. काही हरवले नाही, तर ते काढावे. ही खूण पुष्कळ वेळा लागू पडते.

उलट टोकाची चूकही होते. संयमाच्या नादात लेख नुसती सामानाची यादी बनतो, इतका कोरडा की मेलेला माणूस कोण होता तेच कळत नाही. याचे कारण बहुतेक वेळा असे असते की लेखकाने त्या माणसाचा दोष लिहिलेला नसतो. ‘कधी कुणाला दुखावलं नाही’ असे ज्याच्याबद्दल म्हणता येते तो माणूस कागदावर उभा राहत नाही. एक दोष, त्याची घरच्यांना पडलेली किंमत, आणि बाकी मजकुराचाच सूर एवढे पुरते. वरच्या उदाहरणातल्या बाबांनी हिशेबापायी दूधवाल्याशी चार रुपयांसाठी वर्षभर अबोला धरला असेल, तर तोही त्याच पानावर यावा. दोष सांगून लगेच ‘पण मनाने फार प्रेमळ’ असे म्हणू नये. त्या ‘पण’ने दोन्ही वाक्ये खोटी होतात. भावंडांना मात्र छापण्याआधी वाचायला द्यावे. भावना एकमताने ठरत नसतात, तारखा आणि रकमा ठरवता येतात, तेवढ्याच दुरुस्त कराव्यात.

शेवटी तिथीचा घोळ, जो पुण्या-नाशकात उद्भवत नाही. माळव्यातल्या मराठी घरात पुष्कळदा कालनिर्णय आणि जबलपूरचे लाला रामस्वरूप अशा दोन्ही दिनदर्शिका असतात. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो आणि वद्य पक्षात हिंदी महिना एक पुढे जातो. होळीनंतरच्या आठवड्यात गेलेल्या माणसाची तिथी कालनिर्णयात फाल्गुन वद्य असते आणि हिंदी पंचांगात चैत्र कृष्ण. दिवस तोच. पितृपक्षही असाच एकीकडे भाद्रपदात, दुसरीकडे आश्विनात लिहिलेला दिसतो. लेखात इंग्रजी तारीख एकदा स्पष्ट द्यावी आणि तिथी द्यायची झाली तर घरात ज्या गणनेने श्राद्ध होते तीच शेवटपर्यंत ठेवावी. उठावन्याच्या कात्रणावरून महिना उचलला आणि वर्षश्राद्धाची तिथी गुरुजींकडून घेतली, की एकाच लेखात बाबा दोन वेगवेगळ्या महिन्यांत जातात, आणि स्मरणिका वाटल्यावर पहिला फोन त्याबद्दलच येतो.