डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, टीयूई वेगळी

आमच्या कोकणात पाऊस लागला की भिंतींना ओल धरते आणि पोरांचा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. मालवणजवळ माझ्याकडे धावायला येणाऱ्या मुलांच्या पिशवीत म्हणून सिरपची बाटली असतेच. विचारलं तर म्हणतात, "सर, डॉक्टरांनीच दिलंय." गफलत इथेच होते. चिठ्ठीवर औषध मिळतं. पण त्यात खेळाडूंना बंदी असलेलं द्रव्य असेल, तर ते घेऊन स्पर्धेत उतरायला लागते ती टीयूई, म्हणजे उपचारासाठी दिलेली सूट.

समजा, ८०० मीटर धावणाऱ्या मुलीच्या सिरपमध्ये टर्ब्युटालीन आहे. आपल्याकडच्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपांत ते असतं. त्याने श्वासनळ्या मोकळ्या होतात, पण खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था वाडा, तिच्या यादीत त्यावर बाराही महिने बंदी आहे. शर्यतीनंतर तिची लघवी तपासायला घेतात, किमान ९० मिली. तिच्यासमोरच ती ए आणि बी अशा दोन बाटल्यांत भरून सील करतात. फॉर्मवर गेल्या ७ दिवसांतली औषधं विचारतात. ती सिरपचं नाव लिहिते, आणि लिहायलाच हवं. पण तिथे लिहिलं म्हणजे सूट मिळाली असं नाही.

प्रयोगशाळेला तिचं नाव ठाऊक नसतं, फक्त बाटलीचा क्रमांक. टर्ब्युटालीन सापडलं एवढंच ती कळवते. मग नाडा, म्हणजे हेच काम करणारी आपल्या देशातली संस्था, तिची टीयूई शोधते. असेल आणि अहवालाशी जुळत असेल, तर प्रकरण मिटतं. नसेल, तर चिठ्ठी दाखवून शिक्षा कदाचित कमी होईल, नियमभंग मात्र राहतोच.

टीयूई डॉक्टरांची समिती देते. ठरलेल्या स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करायचा. दमा असेल तर फुंकर मारून करायच्या स्पायरोमेट्रीचे अहवाल जोडायचे. समिती बघते की निदान झालेल्या आजारावर ते औषध खरंच लागतं का, त्याने तब्येत पूर्ववत होण्यापलीकडे फायदा होतो का, आणि बंदी नसलेलं दुसरं औषध चालण्यासारखं आहे का. आपलं सिरप या शेवटच्या प्रश्नावर अडकतं, कारण साल्ब्युटामॉलचा पंप उपलब्ध आहे. त्याला ठरलेल्या मर्यादेत टीयूई लागत नाही: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. नेहमीच्या १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ते ८ तासांत ६ झोत होतात. म्हणून मी मुलांना सांगतो, डॉक्टरांना आधीच सांगा की मी स्पर्धेत धावतो.

नेब्युलायझरचं तसं नाही. त्यातलं साल्ब्युटामॉल बहुधा २.५ मिलिग्रॅमचं, म्हणजे एकाच वेळी २५०० मायक्रोग्रॅम. रात्री धाप लागून दवाखान्यात नेलं, तर नियमाचा विचार न करता ते घ्यायचं. तातडीच्या उपचारासाठी टीयूईचा अर्ज नंतरही करता येतो. फक्त निघताना वेळ आणि डोस लिहिलेला केसपेपर मागून घ्यायचा आणि अर्ज लांबवायचा नाही.