मुलीच्या पदवी-समारंभात आईने करावयाचे आभाराचे भाषण : ग्राहकांसाठी माहिती

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या कार्यालयात मानपत्रे, निमंत्रणे आणि भाषणे लिहून दिली जातात. परीक्षांचे निकाल लागले की मुलीच्या शिक्षकांचे आभार मानण्यासाठी दोन शब्द लिहून घ्यायला बऱ्याच आया येतात. आम्ही काय विचारतो, काय लिहितो आणि काय लिहिण्याचे टाळतो, हे त्यांना आधी समजावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

प्रथम आपल्याला नेमके कोठे बोलायचे आहे, ते विभागाकडून विचारून घ्यावे. विद्यापीठाच्या मुख्य पदवीदान समारंभात पदव्या, पदके आणि पाहुण्यांचे दीक्षान्त भाषण असा क्रम ठरलेला असतो आणि त्यात पालकांच्या भाषणाला जागा नसते. आईला माईक मिळतो तो विभागाच्या किंवा महाविद्यालयाच्या छोट्या समारंभात, आणि तोही बहुधा दोन मिनिटांसाठी. सभेत सावकाश वाचलेले मराठी मिनिटाला साधारण शंभर शब्दांच्या गतीने जाते. व्यासपीठावर जाणे, चष्मा लावणे आणि मधले थांबे यांतही वेळ जात असल्यामुळे आम्ही दीडशे शब्दांच्या आसपास मजकूर देतो. एवढ्या जागेत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे केलेले प्राथमिक शिक्षण, विद्यापीठाची १९४९ मधील स्थापना आणि गुरुमहिम्याचा श्लोक हे सारे बसत नाही. बडोद्यात सभेची सुरुवात महाराजांपासून करण्याची सवय आम्हालाही आहे, पण तो मान अध्यक्षांच्या भाषणासाठी राहू द्यावा.

आमचा मुख्य प्रश्न एकच असतो: शिक्षकांनी आपल्या मुलीसाठी केलेली, आपण पाहिलेली किंवा तिच्या तोंडून ऐकलेली एक कृती सांगा. ‘मौलिक मार्गदर्शन’, ‘अनमोल संस्कार’, ‘शब्द अपुरे आहेत’ हे शब्द कोणत्याही शिक्षकाला लागू पडतात, त्यामुळे समोर बसलेल्या शिक्षकाला ते आपल्यासाठी आहेत असे वाटत नाही. घरी लिहिलेला मसुदा तपासण्याची आमची रीत सोपी आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, ते पेन्सिलीने मांडावे. बहुतेक वाक्यांत कर्ता ‘मी’, ‘आम्ही’ किंवा ‘माझी मुलगी’ असेल, तर ते आभाराचे भाषण नसून मुलीचा सत्कार आहे असे समजावे.

एका ग्राहक-भगिनींचे उदाहरण त्यांच्या परवानगीने, नावे गाळून देत आहोत. त्यांच्या मुलीने छापचित्रकलेची पदवी घेतली. आणलेल्या मसुद्यात बालवाडीपासूनची बक्षिसे होती, आजोबांचे स्वप्न होते, आणि शिक्षक शेवटच्या दोन ओळींत आले होते. ‘तुम्हाला घरात काय दिसायचे?’ असे विचारल्यावर त्या नखांतल्या शाईबद्दल बोलू लागल्या आणि त्यातून चित्र छापण्याच्या एका बिघडलेल्या धातूच्या प्लेटची हकिगत निघाली. तयार झालेले भाषण असे होते:

‘व्यासपीठावरील सर, मॅडम आणि उपस्थित सर्वांना नमस्कार. मला छापचित्रांतले फार कळत नाही. मुलीच्या नखांतली काळी शाई खोबरेल लावूनही निघत नाही, एवढे मात्र मी रोज पाहिले. शेवटच्या वर्षी तिची एक जस्ताची प्लेट ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिली आणि रेषा एकमेकींत मिसळल्या. ती प्लेट टाकून देणार होती. सर, आपण तिला आधी त्या बिघडलेल्या प्लेटचाच ठसा काढायला लावलेत. तो भिंतीवर लावून आपण तिच्याबरोबर पाहिलात, आणि कोणता भाग खरवडायचा व कोणता तसाच ठेवायचा, हे तिचे तिला ठरवू दिलेत. त्या रात्री ती जेवताना प्लेटबद्दलच बोलत होती. मॅडम, आपण तिचा प्रत्येक निबंध खुणा करून परत दिलात, म्हणून आज ती स्वतःच्या चित्राबद्दल चार वाक्ये नीट लिहू शकते. प्रेसच्या खोलीतल्या काकांनी तिला कागद किती भिजवायचा ते शिकवले आणि संध्याकाळी खोली उघडी ठेवली. विभागातील सर्व शिक्षकांचे मी आमच्या घरातर्फे आभार मानते. आप सौनो खूब खूब आभार.’

या भाषणात एकाही शिक्षकाला विशेषण लावलेले नाही. सरांनी जे केले ते क्रमाने सांगितल्यामुळे त्याची गरज राहिली नाही. तांत्रिक भाग आईला कळला तेवढाच ठेवला आहे. ॲसिडची तीव्रता, खरवडण्याची हत्यारे यांची नावे घातली असती, तर शब्द मुलीचे आणि आवाज आईचा असे झाले असते, आणि विभागातल्या लोकांनी ते लगेच ओळखले असते. प्रेसच्या खोलीतल्या काकांचे वाक्य त्या भगिनींनी स्वतःहून सुचवले होते. आमच्या मते संपूर्ण भाषणातले ते सर्वांत चांगले वाक्य आहे, कारण अशा माणसांचे नाव सभेत सहसा कोणी घेत नाही.

नावांबाबत मात्र सावध राहावे लागते. दोघांचा उल्लेख त्यांच्या कामासह करून बाकीच्यांचे एकत्र आभार मानले, तर कोणाला वाईट वाटत नाही. सात नावे वाचून आठवे राहिले, तर ते आठवे मनात राहते. दोघांपैकी कोणाला आधी घ्यायचे हा प्रश्न पडल्यास विभागप्रमुखांना अगोदर घ्यावे, मग त्यांनी मुलीला शिकवलेले असो वा नसो.

श्रोत्यांत गुजराती, हिंदी आणि मराठी बोलणारे मिसळलेले असतील, तर प्रत्येक वाक्य दोन भाषांत सांगू नये. वेळ दुप्पट लागतो आणि ज्यांना पहिल्यांदाच कळले त्यांना तेच पुन्हा ऐकावे लागते. मराठी कळणारे शिक्षक थोडे असल्यास आम्ही संपूर्ण मजकूर हिंदीत किंवा गुजरातीत लिहून देतो. एरवी वरच्याप्रमाणे शेवटची एक ओळ गुजरातीत पुरते. ज्या शिक्षिकेला मुलगी ‘बेन’ म्हणते, तिला भाषणातही बेनच म्हणावे.

मजकूर आपल्या हाती देण्यापूर्वी मुलीने तो वाचावा अशी आमची अट आहे, आणि तिने खोडलेली ओळ आम्ही काढून टाकतो. आजारपण, फीची अडचण किंवा मोडलेले लग्न यांचा उल्लेख आईला कृतज्ञतेचा वाटतो, पण मुलीला तो तिच्या वर्गमित्रांसमोर ऐकावा लागतो.

भाषण आम्ही जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत छापून देतो, कारण पातळ कागद हातात थरथरला की माईकमधून त्याचा आवाज येतो. घरी मोठ्याने तीनचार वेळा वाचावे आणि मोबाइलवर वेळ पाहावी. कोणत्या वाक्याला गळा दाटतो ते लक्षात आले, तर ते आम्हाला कळवावे. आम्ही ते वाक्य लहान करतो किंवा अखेरीकडे नेतो. तरीही प्रत्यक्षात आवाज बसलाच, तर क्षमा न मागता थांबावे, पाणी प्यावे आणि कार्डाच्या मागील बाजूस वेगळी छापलेली शेवटची आभाराची ओळ वाचून खाली यावे.

काम देताना समारंभाची निमंत्रणपत्रिका, मिळणारा वेळ, शिक्षकांची नावे मुलगी उच्चारते तशी लिहिलेली, आणि वर सांगितलेली ती एक कृती आपल्या शब्दांत सोबत आणावी. समारंभाच्या आठ दिवस आधी आल्यास मुलीला वाचायला आणि आम्हाला दुरुस्तीला पुरेसा अवधी मिळतो.