अंदाजपत्रक मंजुरीच्या सभेचे इतिवृत्त: दुरुस्त्या, सुधारित बेरजा आणि बदलांचा आधार कसा नोंदवावा

अंदाजपत्रकाच्या सभेचे इतिवृत्त पुढे लेखापरीक्षक वाचतो, बिले काढणारा कर्मचारी वाचतो आणि वर्षाअखेरीस वाद झाला तर सगळेच वाचतात. कोण काय बोलले यात त्यांना रस नसतो. कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम होती, ती किती झाली, का झाली आणि शेवटी एकूण किती मंजूर झाले, हे चार प्रश्न घेऊन ते येतात. इतिवृत्त लिहिताना हेच वाचक डोळ्यांपुढे ठेवावेत.

दुरुस्ती कोण मांडू शकतो

साधारणपणे मतदानाचा हक्क असलेला सदस्यच दुरुस्ती सुचवतो आणि दुसरा सदस्य तिला अनुमोदन देतो. निमंत्रित म्हणून बसलेला लेखाधिकारी किंवा सल्लागार खुलासा करू शकतो, पण सूचक म्हणून त्याचे नाव येऊ नये. ज्या खर्चात एखाद्या सदस्याचा स्वतःचा आर्थिक संबंध आहे, त्या बाबीवर तो मतदानापासून दूर राहिला तर तसे नोंदवावे. नेमका नियम संस्थेच्या नियमावलीत असतो आणि तोच अंतिम.

गणपूर्ती सभेच्या सुरुवातीला एकदा मोजून भागत नाही. अंदाजपत्रकाची सभा लांबते, लोक उठून जातात. शेवटचा ठराव मताला टाकताना किती सदस्य उपस्थित होते हे लिहिलेले नसेल, तर कोणी हरकत घेतल्यावर उत्तर देणे अवघड जाते.

कोणती कागदपत्रे हवीत

मसुदा अंदाजपत्रकाची सभेपुढे ठेवलेली प्रत, तिचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख ही पहिली गरज. दुरुस्त्या नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतात, आणि सदस्यांच्या हातात दोन वेगळ्या प्रती असतील तर ‘मूळ तरतूद’ या रकान्याला काही अर्थ उरत नाही. याखेरीज प्रत्येक दुरुस्तीची लेखी सूचना, तिचा आधार असलेला कागद (दरपत्रके, प्रत्यक्ष खर्चाचे विवरण, करार) आणि सही असलेला हजेरीपट जोडावा. आधाराचे कागद परिशिष्ट क्रमांक देऊन लावावेत, म्हणजे इतिवृत्तात ‘परिशिष्ट ३ पाहा’ एवढे लिहून भागते.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, मसुद्यात पाच शीर्षे आहेत: वेतन ३२,००,०००, देखभाल ९,००,०००, वीज व पाणी ५,००,०००, उपकरणे ६,००,००० आणि प्रशिक्षण ३,००,०००. बेरीज ५५,००,०००. तिच्यावर ४ टक्के आकस्मिक निधी म्हणजे २,२०,०००. एकूण खर्च ५७,२०,०००, अपेक्षित जमा ५८,१२,०००, शिल्लक ९२,०००.

सभेत तीन दुरुस्त्या मंजूर झाल्या. पहिलीची नोंद अशी असावी:

> दुरुस्ती १. शीर्ष: देखभाल. मूळ तरतूद ९,००,०००, वाढ १,२०,०००, सुधारित १०,२०,०००. आधार: छतदुरुस्तीसाठी मसुद्यात २,५०,००० धरले होते, मागवलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दर ३,७०,००० आहे (परिशिष्ट २). सूचक व अनुमोदक यांची नावे. बाजूने ९, विरुद्ध २, तटस्थ १. मंजूर.

आधाराच्या वाक्यात जुना आकडा, नवा आकडा आणि नव्याचा उगम हे तिन्ही आले आहेत. दोन आकड्यांतला फरक दुरुस्तीच्या रकमेशी जुळतो का, हे कोणीही कागदावर पाहू शकतो. ‘वाढती गरज लक्षात घेऊन’ असा आधार लिहिला तर तपासण्यासारखे काहीच उरत नाही. सभेत तेवढीच चर्चा झाली असेल तर लिहिणाऱ्याने मनाने कारण घालू नये. सूचकाकडून तिथेच विचारून घ्यावे.

दुसऱ्या दुरुस्तीने प्रशिक्षणाच्या पाच वर्गांपैकी एक रद्द झाला. दर वर्गाला ६०,००० होते, ते उपकरणांकडे वळवले. प्रशिक्षण २,४०,०००, उपकरणे ६,६०,०००. हे शीर्षांतर आहे, एकूण रकमेत फरक शून्य. दोन्ही बाजू एकाच दुरुस्ती क्रमांकाखाली लिहाव्यात. वेगळे क्रमांक दिले आणि मतदानात एक बाजू पडली, तर पैसे कुठून आले किंवा कुठे गेले हा प्रश्न अधांतरी राहतो. उपकरणांवर हे ६०,००० नेमके कशासाठी लागणार, तेही आधारात हवेच. वर्ग रद्द होणे हे फक्त पैसे मोकळे होण्याचे कारण आहे.

तिसरी: वीज व पाणी ५,००,००० वरून ४,७०,०००. आधार: चालू वर्षाच्या ९ महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च ३,५२,५००, त्याच गतीने १२ महिन्यांचा ४,७०,०००. हिशेबाची रीत लिहिली की तिची मर्यादाही दिसते: उरलेल्या तीन महिन्यांत वापर वाढतो असे कोणाला वाटत असेल तर हरकत नेमकी इथे घेता येते.

आता बेरीज. निव्वळ बदल: १,२०,००० अधिक ० वजा ३०,०००, म्हणजे ९०,०००. पाच शीर्षांची नवी बेरीज ५५,९०,०००. घाईत पुष्कळदा इथेच चूक होते: आकस्मिक निधीचा जुना आकडा तसाच राहतो, एकूण ५८,१०,००० येते आणि २,००० शिल्लक दिसते. पण मसुद्यात निधी टक्केवारीत ठरला असेल तर तो २,२३,६०० होतो, एकूण खर्च ५८,१३,६०० होतो आणि शिलकी अंदाजपत्रक १,६०० च्या तुटीत जाते.

हे टंकलेखन करताना गुपचूप सावरण्याचा अधिकार सचिवाला नाही. अंतिम ठरावापूर्वी सुधारित बेरीज वाचून दाखवावी. सभेने आकस्मिक निधी २,२०,००० या ठोक रकमेवर कायम ठेवायचे ठरवले, तर ती चौथी दुरुस्ती होते. तिलाही सूचक, आधार आणि मतदान लागते. त्यानंतर अंतिम ठराव असा येतो: ‘आवृत्ती २ मधील मसुदा दुरुस्ती १ ते ४ सह मंजूर, एकूण खर्च ५८,१०,०००, जमा ५८,१२,०००, शिल्लक २,०००.’ नुसते ‘सुधारणांसह मंजूर’ लिहून एकूण रक्कम गाळली, तर नेमके काय मंजूर झाले ते पुढे प्रत्येकजण आपापल्या बेरजेने सांगतो.

फेटाळलेल्या आणि मागे घेतलेल्या दुरुस्त्या

यांची नोंद क्रमाने ठेवावी, पण अंतिम तक्त्यात त्या येऊ नयेत. दुरुस्तीवर उपदुरुस्ती आली असेल तर सहसा आधी उपदुरुस्ती मताला पडते. इतिवृत्तातही तोच क्रम ठेवावा, नाहीतर मध्येच बदललेली रक्कम वाचणाऱ्याला लागत नाही.

इतिवृत्त कायम करणे

मसुदा इतिवृत्त सदस्यांना पाठवून पुढच्या सभेत कायम केले जाते. या टप्प्यावर नोंद चुकली असेल तर ती सुधारता येते, निर्णय बदलता येत नाही. वाढ १,२०,००० मंजूर झाली आणि १,०२,००० छापले गेले, ही नोंदीची चूक. जुना आकडा वाचता येईल असा खोडून, नवा आकडा, तारीख आणि अध्यक्षांची सही घालून ती दुरुस्त करावी. पण आता वाढ जास्त वाटते असे कोणी म्हणाले, तर तो वेगळा विषय आहे आणि तो संस्थेच्या नियमांप्रमाणे नव्या प्रस्तावातूनच सभेपुढे यायला हवा.