रक्तदाबमापक जर्मनीत विकायचा असेल तर : लेबल आणि वापरसूचनांचे भाषांतर

पुण्यातील एखाद्या उत्पादकाला घरी वापरायचा डिजिटल रक्तदाबमापक जर्मनीत विकायचा असेल, तर त्याला युरोपीय संघाचा वैद्यकीय उपकरण नियम २०१७/७४५ लागू होतो. उपकरणासोबतची माहिती कोणत्या भाषेत असावी, हे या नियमानुसार प्रत्येक सदस्य देश ठरवतो. रुग्ण स्वतः वापरणार असलेल्या उपकरणासाठी जर्मनीत जर्मन भाषा आवश्यक असते. तोच माल बेल्जियमला पाठवायचा झाल्यास फ्रेंच, डच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांची तयारी ठेवावी लागते.

भाषांतरासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. हे उपकरण धोक्यानुसार ठरवलेल्या वर्गांपैकी वर्ग दोन-अ मध्ये येत असल्याने त्याची तांत्रिक कागदपत्रे नोटिफाइड बॉडी, म्हणजे उपकरणे तपासून प्रमाणपत्र देण्यासाठी नेमलेली स्वतंत्र संस्था, तपासते आणि लेबल व वापरसूचनांच्या सर्व भाषांतील प्रती याच कागदपत्रांचा भाग असतात. त्यांच्यासोबत मूळ इंग्रजी मजकुराची गोठवलेली आवृत्ती, मान्य केलेली संज्ञासूची आणि भाषांतर कोणी केले व कोणी तपासले याची नोंद ठेवावी. युरोपबाहेरील उत्पादकाने तेथील अधिकृत प्रतिनिधीचे नाव व पत्ता लेबलवर देणे बंधनकारक आहे. तुकडी क्रमांक, उत्पादनाची तारीख यांसाठी आयएसओ १५२२३-१ या आंतरराष्ट्रीय मानकातील चिन्हे वापरल्यास तेवढे शब्द भाषांतरित करावे लागत नाहीत आणि लहान लेबलवरची जागाही वाचते, कारण जर्मन मजकूर बहुधा इंग्रजीपेक्षा लांब होतो.

शब्द ओळखीचा वाटतो तेथेच चूक होते. २००६-०७ मध्ये बर्लिनच्या एका रुग्णालयात ४७ रुग्णांना गुडघ्याचे कृत्रिम सांधे चुकीच्या पद्धतीने बसवले गेले. वेष्टनावर 'नॉन-मॉड्युलर सिमेंटेड' असे इंग्रजीत लिहिले होते, म्हणजे तो भाग सिमेंटनेच बसवायचा होता. वाचणाऱ्यांनी मात्र 'नॉन' हा शब्द सिमेंटला जोडला आणि सांधे सिमेंटविना बसवले. म्हणून नकार आणि विशेषण एकत्र येणारी वाक्ये भाषांतराला देण्यापूर्वीच मूळ मजकुरात फोडून लिहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अंकांचीही तपासणी वेगळी करावी, कारण जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि १.००० असे छापले तर तेथील वाचक ते एक हजार असे वाचतो. ही तपासणी भाषांतराच्या फाइलवर न करता छपाईच्या अंतिम नमुन्यावर करावी, कारण मांडणी करताना ओळी तुटतात आणि इशारे कधीकधी गळतात.

काही उत्पादक भाषांतर आयातदारावर सोपवतात. उपकरण आधीच बाजारात आलेले असेल आणि आयातदार स्वतः त्याच्या माहितीचे भाषांतर पुरवणार असेल, तर कलम १६ नुसार त्याच्याकडे गुणवत्ता व्यवस्थापन प्रणाली आणि तिच्यासाठी नोटिफाइड बॉडीचे प्रमाणपत्र असावे लागते. नव्या लेबलचा माल बाजारात आणण्याच्या किमान २८ दिवस आधी त्याने उत्पादकाला व त्या देशाच्या सक्षम प्राधिकरणाला कळवावे लागते आणि त्यांनी मागितल्यास भाषांतरित लेबल व सूचनांसह उपकरणाचा नमुना द्यावा लागतो. त्यामुळे करार करतानाच हे प्रमाणपत्र मागावे; ते नसेल तर जर्मन मजकूर पुण्यातच तयार करून घ्यावा.