हप्त्याची पावती आणि बाकीची कबुली (दोन व्यक्तींमधला जुन्या वाहनाचा व्यवहार)

जुनी गाडी एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला हप्त्यांवर विकली, की प्रत्येक हप्त्याच्या वेळी दोघांनी सही करून ठेवायचा हा कागद. त्यात दोन विधाने असतात. 'इतके पैसे मिळाले' हे विकणारा लिहून देतो, ती पावती. 'इतके पैसे अजून देणे आहे' हे घेणारा लिहून देतो, ती कबुली. बँक किंवा फायनान्स कंपनी मध्ये नसल्याने खाते ठेवणारा तिसरा कोणी नसतो. हिशेब सांगणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे हा कागद.

ओळखीतल्या व्यवहारात अनेकदा फक्त पावती होते, आणि तीही विकणाऱ्याच्या एकट्याच्या सहीची. अशा पावतीने घेणाऱ्याचे रक्षण होते. विकणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नसतो, आणि त्याचे कारण मुदतीच्या कायद्यात आहे. उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायची मुदत, पैसे देण्याची ठरलेली तारीख उलटल्यापासून 3 वर्षे असते. ही मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते (मुदत अधिनियम 1963, कलम 18). काही रक्कम भरली तरीही मुदत नव्याने सुरू होते, पण त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची असावी लागते (कलम 19). म्हणजे विकणाऱ्याने स्वतः कितीही पावत्या फाडल्या, तरी त्याची मुदत वाढत नाही. म्हणून पावतीच्या खाली गाडी घेणाऱ्याचीही सही हवी. हे कलम माहीत नसल्याने खरे येणे बुडू शकते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांनी त्यांची एमएच-15 क्रमांकाची जुनी मोटार निफाडकडच्या एका शेतकऱ्याला 2,40,000 रुपयांना दिली. 90,000 रुपये बँकेतून आले आणि 10 जून 2025 रोजी गाडीचा ताबा गेला. उरलेले 1,50,000 रुपये 15,000 चा एक असे 10 हप्ते, 5 जुलैपासून दर महिन्याच्या 5 तारखेला. पहिले दोन हप्ते वेळेवर आले. तिसऱ्याच्या वेळी, 5 सप्टेंबरला, हातात 9,000 च होते. त्या दिवशीच्या कागदावर असे लिहिले जावे :

'हप्ता क्र. 3 पैकी रु. 9,000 (अक्षरी नऊ हजार) आज रोख मिळाले. या हप्त्याची बाकी रु. 6,000. गाडीच्या किमतीपैकी एकूण बाकी रु. 1,11,000. वरील हिशेब मला मान्य आहे.' शेवटच्या वाक्याखाली घेणाऱ्याची सही, पहिल्या वाक्याखाली विकणाऱ्याची.

पुढे 28 सप्टेंबरला 20,000 रुपये एकदम आले. त्यांतले 6,000 तिसऱ्या हप्त्याकडे आणि 14,000 चौथ्याकडे जमा धरले. चौथ्याचे 1,000 राहिले, एकूण बाकी 91,000 झाली. रक्कम कोणत्या हप्त्याकडे धरली हे त्याच वेळी लिहिले नाही, तर महिनाभराने एक म्हणतो तिसरा हप्ता अजून अपुरा आहे आणि दुसरा म्हणतो चौथाही भरला. त्यापुढे पैसे थांबले असे धरू. सगळे हप्ते थकल्यावर 20 मे 2026 रोजी दोघांनी हिशेब जुळवला आणि घेणाऱ्याने 91,000 रुपयांच्या बाकीवर सही केली, तर दाव्याची 3 वर्षे त्या दिवसापासून धरली जातील.

निफाड, लासलगाव, पिंपळगावकडे हप्ता महिन्याऐवजी पिकाला बांधलेला असतो : 'कांद्याची पट्टी झाली की देतो', 'द्राक्षाचे पैसे आले की देतो'. उत्पन्न तसेच येत असल्याने ही सोय रास्त आहे. कागदावर मात्र 'पट्टी झाल्यावर, पण उशिरात उशिरा 31 मार्चपर्यंत' अशी तारीख हवीच. तारखेशिवाय हप्ता थकला केव्हा आणि मुदत कधी सुरू झाली, यावरच वाद होतो.

पैसे यूपीआयने आले तरी कागद लागतो. स्क्रीनशॉट पैसे गेल्याचे सांगतो, कशासाठी गेले ते सांगत नाही. पावतीत व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक लिहावा. पैसे भावाच्या किंवा मुलाच्या खात्यातून आले असतील तर 'घेणाऱ्याच्या वतीने' असे नोंदवावे, नाहीतर तीच रक्कम नंतर हातउसनी म्हणून सांगितली जाते.

5,000 रुपयांपुढच्या पावतीवर 1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही करायची असते; तो टपाल कार्यालयात मिळतो. तो राहून गेला म्हणून घेणाऱ्याने घाबरू नये. पावती देणाऱ्याविरुद्ध ती 1 रुपया दंड भरून पुराव्यात घेता येते. रोखीची मर्यादा मात्र कडक आहे. एकाच व्यवहारापोटी एका व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्यात बंदी आहे, आणि हप्ते पाडले तरी व्यवहार एकच धरला जातो. वरच्या उदाहरणात 90,000 बँकेतून आल्याने उरलेले सगळे रोखीत घेतले तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

या कागदाने काय होत नाही, तेही सांगायला हवे. 'आज दुपारी 4 पासून अपघात व चलनाची जबाबदारी घेणाऱ्याची' हे ताबापावतीतले वाक्य दोघांपुरतेच बंधनकारक असते. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव आरसीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी पुढे अनेकदा विकली गेली असूनही भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. म्हणून शेवटचा हप्ता येईपर्यंत आरसी अडवून ठेवण्याची पद्धत विकणाऱ्यालाच महागात पडू शकते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30 आहेत, आणि नाशिकचे आरटीओ कार्यालय पंचवटीत पेठ रोडला आहे. सही केलेले कोरे फॉर्म देऊन ठेवणे म्हणजे नाव बदलणे नव्हे.

नाव बदलल्यावर विकणाऱ्याच्या हातात उरते ती कबुली. ताबा दिल्यावर पैशासाठी गाडी अडवून धरण्याचा हक्क मालविक्री कायद्याप्रमाणे संपतो. दुसऱ्या किल्लीने गाडी उचलून आणली तर उलट चोरीची तक्रार होऊ शकते. त्यामुळे किंमत, हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकल्यास काय करायचे, हे मूळ करारात लिहून प्रत्येक पावतीत त्या कराराची तारीख, गाडीचा क्रमांक आणि चॅसिस क्रमांकाचे शेवटचे 5 अंक द्यावेत. प्रती दोन काढाव्यात आणि दोन्हींवर मूळ सह्या असाव्यात. शेवटच्या हप्त्याला नेहमीच्या पावतीऐवजी बेबाकी दाखला होतो : 'गाडीची पूर्ण किंमत मिळाली, आता काही येणे नाही.' त्या दिवशी आधीच्या पावत्यांची बेरीज दोघांनी एकत्र करून बघावी, आणि रक्कम जुळल्यावरच दाखल्यावर सही करावी.