सीताबर्डीची लढाई आणि बेतवाकाठची पटकी

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण यांच्यात झालेली लढाई आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच महिन्यात, येथून बरेच उत्तरेला, बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज स्वतः ज्या फौजेबरोबर होता, तिच्यावर कोणी तोफ डागली नव्हती आणि कोणी हल्लाही केला नव्हता. तरीही काही दिवसांत त्या छावणीत हजारो माणसे मेली. त्यांना पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गाठले होते.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करणे आणि शिंद्यांना रोखून धरणे, हे या फौजेचे काम होते. तीत लढवय्ये दहा-अकरा हजार आणि त्यांच्यामागे बाजारबुणगे ऐंशी हजारांच्या घरात, असा अंदाज सांगितला जातो. मराठी वाचकाला बुणग्यांचे लटांबर पानिपतामुळे परिचित आहे. घोड्यांचे मोतद्दार, बैलवाले, वाणी, आचारी, भिस्ती, बायका-मुले असे ते सगळे फिरते शहरच असे. मात्र या शहराला ना मोरी होती, ना संडास. ज्या पात्रात जनावरे उतरत आणि ज्याच्या काठी माणसे बहिर्दिशेला बसत, त्याच पात्रात भिस्ती पखाल बुडवी. अशा ठिकाणी पहिला रोगी आला की पुढचे काम पाणीच करते.

पटकीचा जंतू पोटातल्या आम्लातून वाचून लहान आतड्यात पोचला, की तेथे एक विष तयार करतो. ते आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावते आणि क्षारांमागोमाग शरीरातले पाणीही वाहून जाते. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर द्रव जाऊ शकतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, पायांत गोळे, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहणे, अशी लक्षणे दिसतात आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावतो. त्या धुवणात जंतू अक्षरशः कोट्यवधी असतात. म्हणून एकच रोगी नदीकाठी झोपला, तरी खालच्या बाजूचे सारे पाणी बिघडते.

उपचार काय होते? कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे औषध, अफूचा अर्क आणि शीर तोडून रक्त काढणे. ज्याच्या अंगातले पाणीच संपत आले आहे, त्याचे रक्त काढणे म्हणजे मरण जवळ आणणे होय. पण ते काढणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. पटकीच्या रोग्याच्या रक्तातले पाणी आणि क्षार घटलेले असतात, ही गोष्ट ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने 1831-32 मध्ये दाखवली आणि शिरेतून खारे पाणी देण्याचा प्रयोग लॅट्टा या स्कॉटिश डॉक्टरने 1832 मध्ये केला. तो सर्रास रूढ व्हायला मात्र फार काळ जावा लागला.

छावणीत साडेसातशेच्या आसपास लढवय्ये दगावले असे सांगतात. बुणग्यांची मोजदाद नीट कोणी ठेवली नव्हती, त्यामुळे एकूण मृत्यूंचे अंदाज पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत वेगवेगळे येतात. शेवटी हेस्टिंग्जने तळ हलवला आणि बेतवा नदीच्या पलीकडे, एरचजवळच्या उंच, कोरड्या जागी नेला. आजाऱ्यांना वाहून न्यायला गाड्या पुरेनात, तेव्हा वाटेतच बरीच माणसे पडली. नव्या तळावर मात्र साथ ओसरली.

ती का ओसरली असावी, हे आज समजते. त्या काळच्या डॉक्टरांनी श्रेय हवेला आणि उंचीला दिले. बिघडलेले पाणी मागे सोडले, हे खरे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. ही चुकीची समजूत कामाला मात्र आली. पुढच्या काळात भारतातल्या इंग्रजी लष्करात पटकी उद्भवताच बराकी सोडून वाऱ्याच्या आडव्या दिशेने कूच करण्याची आणि दूर 'कॉलरा कॅम्प' टाकण्याची पद्धत पडली. नवा पाणवठा स्वच्छ असला, तर ती लागू पडे. पण बरोबर निघालेल्यांपैकी कोणाच्या आतड्यात जंतू आधीच शिरलेला असेल, तर साथही पलटणीबरोबर पुढच्या मुक्कामी जाई आणि वाटेतल्या गावांनाही लागे. 1818 मध्ये ती नागपूरपर्यंत पोचली, आणि फौजांची, व्यापाऱ्यांची व यात्रेकरूंची ये-जा ज्या रस्त्यांनी चाले, त्याच रस्त्यांनी ती देशभर फिरली.

नागपूरजवळ कन्हानकाठी कामठीची छावणी वसली ती 1821 मध्ये, म्हणजे या घटनेनंतर चारच वर्षांनी. तोवर पाणवठ्याबद्दलची समज बदललेली नव्हती. 1863 मध्ये भारतातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्यावरील शाही आयोगाचा अहवाल आला, तेव्हा त्यात वर्षाला दर हजारी 69 शिपाई मरत असल्याचे नोंदले होते. त्यांत लढाईत पडलेले थोडे. बहुतेकांचा बळी ताप, हगवण, यकृताचे विकार आणि पटकी यांनी घेतला होता. त्यानंतर पिण्याच्या पाण्याची जागा मैल्यापासून वेगळी ठेवणे, बराकींत गर्दी न करणे आणि मोऱ्या बांधणे ही कामे छावण्यांत हळूहळू सुरू झाली. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यातल्या रोग्यांत आणि तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, तो 1884 मध्ये.