रेशीम की पॉलिस्टर? ताग्यावरचं कापड हाताने ओळखताना

आखाजीच्या आधी जळगाव-धुळ्याच्या दुकानांत ब्लाऊजसाठी मीटरवर कापड घेताना एकाच मरून रंगाचे दोन तागे समोर पडतात. दोन्हींना ‘सिल्क’ म्हटलं जातं, दोन्ही मऊ, दोन्ही चमकदार. एक रेशमाचा, दुसरा पॉलिस्टरचा. सुती कापड यांच्यापासून लगेच वेगळं कळतं. त्याची फसवणूक वेगळीच असते, ती पुढे बघू.

आधी चमक, पण ट्यूबलाईटखाली नाही. ताग्याचं टोक दुकानाच्या दारापर्यंत आणून दिवसाच्या उजेडात धरा आणि हळूहळू तिरपं करा. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो. त्यामुळे उजेड वेगवेगळ्या कोनांत परततो, चमक मंद राहते आणि कापड हलवलं की तीही सरकते. साध्या पॉलिस्टरचा तंतू गोल आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यावर एकसारखा पांढुरका झळाळ येतो. मात्र रंग पालटतो म्हणून ते रेशीम, असं धरू नका. धूपछाव होते ती उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगांचा असल्यामुळे, आणि ती पॉलिस्टरमध्येही सहज विणता येते.

मग हात. पहिला गार स्पर्श फसवा असतो, कारण कुठलंही गुळगुळीत कापड सुरुवातीला गार लागतं. म्हणून कापड अर्धा मिनिट मुठीत धरा. रेशीम लवकर हाताच्या ऊबेला येतं आणि तळव्याचा घाम काही प्रमाणात शोषून घेतं. पॉलिस्टर जवळजवळ पाणीच शोषत नाही, त्यामुळे तळवा चिकट होतो. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगाला लागून राहणाऱ्या ब्लाऊजसाठी हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो. तेच कापड मुठीत घट्ट चुरगळून सोडा. पॉलिस्टर उसळून सरळ होतं, रेशमावर मऊ चुण्या उरतात आणि हळूहळू सैल होतात, सुतीवर ठळक घड्या पडतात आणि तशाच राहतात.

पडण्यावर, म्हणजे कापड कसं लोंबतं यावर, सगळ्यात कमी भरवसा ठेवा. मीटरभर कापड मधोमध चिमटीत धरून लोंबतं सोडलं की रेशमाच्या घड्या गोल आणि भरीव दिसतात, खळ असलेलं सुती कोनात उभं राहतं. पण पातळ पॉलिस्टर क्रेप रेशमापेक्षाही सुळसुळीत पडतो आणि जाड रेशीम ताठ राहतं. पडणं ठरवतात मुख्यतः वजन आणि वीण.

शंका उरली तर कापलेल्या टोकातून एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे काढून घ्या. दोन्ही तपासायलाच हवेत, कारण उभा रेशीम आणि आडवा पॉलिस्टर असं कापडही विकलं जातं. घरी चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून धागा जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि काळी गुठळी बोटांनी चुरडते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी उरतो, तो चुरडत नाही. सुती कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. वितळलेला थेंब बोटाला चिकटून भाजतो, म्हणून धागा हातात धरून जाळू नका. रेशमावर सिल्क मार्कची चिठ्ठी असेल तर ही खटपट वाचते.

सुतीत फसवणूक होते ती पॉलिस्टर-मिसळीची. मिसळीच्या कापडाला खळ चढवली की हाताला करकरीत सुती वाटतं. कापडाची घडी दोन बोटांत जोरात चोळा. पांढरी भुकटी उडाली आणि घडी मऊ झाली, तर ती खळच होती. त्या मऊ झालेल्या जागीच मुठीची परीक्षा करा. चुण्या फिक्या पडल्या तर मिसळ. जाळल्यावर राखेत कडक कण लागले की खात्री. पाण्याचा थेंब टाकूनही बघतात, पण खळीच्या सुतीवरही थेंब काही वेळ तसाच राहतो, त्यामुळे त्यावरून निकाल देऊ नये.

ही ओळख मीटर मोजतानाही लागते. न आकसवलेलं सुती पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. म्हणजे कुर्त्याच्या अडीच मीटरातून ७ ते १२ सेंटिमीटर जातात. म्हणून १५ सेंटिमीटर जास्त घ्या आणि शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. पॉलिस्टरला ही वाढ नको, पण इस्त्री कमी तापवा, नाहीतर शिवणीवर चकाकणारे डाग पडतात. रेशमाचा ब्लाऊज काखेत आणि पाठीवर घट्ट ठेवला तर शिवणीजवळ धागे सरकतात, म्हणून शिंप्याला अस्तर लावायला आणि शिवणीत जास्त माया ठेवायला सांगा.